एरमिन गिटन्सचा हिरवा रकाना

एरमिन गिटन्सने बत्तीस वर्षं एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरावर राज्य केलं. तीनशे पोरं तिच्या पळीला घाबरून भेंडी खायची. निवृत्त झाल्यावर तिच्या राज्यात एकच रयत उरली, तिचा नवरा डार्नली, आणि ही रयत पहिल्या दिवसापासून बंडखोर होती.

डार्नली साखर कारखान्यात क्रेन चालवायचा. उसाच्या मोळ्या उचलण्यात त्याची उमर गेली. बार्बाडोसमध्ये साखरेच्या आजाराला नुसतं ‘साखर’ म्हणतात, आणि ती त्याला चाळिशीतच चिकटली होती. सुरुवातीला गोळ्या, मग सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. त्याच्या मोठ्या भावाचा, एल्रिकचा, पाय याच आजाराने गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्या दिवसापासून एरमिनला एकच भीती होती: साखर चढली की पाय गेला.

म्हणून सरकारी दवाखान्यातल्या आहार सल्लागार मुलीने तिच्या हातात तक्ता ठेवला, तेव्हा तिला शस्त्र मिळाल्यासारखं झालं. तीन रकाने होते. हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येक पदार्थासमोर आकडा.

“हा ग्लायसेमिक इंडेक्स,” मुलगी म्हणाली. “शुद्ध ग्लुकोज धरायचं शंभर. कर्बोदकं, म्हणजे पिठूळ-गोड भाग, सारख्याच मापाची धरली तर एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती झटकन चढते, ते हा आकडा सांगतो. पंचावन्न किंवा कमी म्हणजे हळूहळू. सत्तर आणि वर म्हणजे सरळ उडी.”

“म्हणजे कमी आकडा चांगला.”

“रोजच्या जेवणाला, हो. पण मिसेस गिटन्स, किती खाता तेही बघायचं. आकडा वेगाचा आहे, मापाचा नाही. बाकीचं मागच्या बाजूला लिहिलंय.”

एरमिन पर्स बंद करत उठली होती. तीनशे पोरांना जेवू घातलेल्या बाईला मागची बाजू कोण शिकवणार? घरी येऊन तिने तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला. साधासुधा नाही. चारी कडांना डिंक लावून, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून, कायमचा. डार्नलीने फाडू नये म्हणून.

मग झडती झाली. साखरेचा डबा, काकवीची बाटली, डार्नलीने मोज्यात लपवलेल्या खडीसाखरेच्या गोळ्या, सगळं शेजारच्या व्हर्नीसच्या घरी रवाना झालं.

“या घरात लाल रंगाला बंदी असेल तर जीभ कुठे ठेवू?” डार्नलीने विचारलं.

“तोंड मिटून ठेव.”

“रताळं तरी निखाऱ्यावर भाजून दे.”

“उकडलेलं हिरव्यात आहे. भाजलेलं लालमध्ये आहे.”

“एरमिन, रताळं तेच आहे.”

“रताळं तेच आहे, पण निखाऱ्यावर त्याचा पिठूळपणा असा फुटतो की पोटात गेल्या गेल्या साखर. वाच. चष्मा लाव आणि वाच.”

“मी लग्न केलं तेव्हा तुझ्यावर आकडे छापलेले नव्हते. छापले असते तर तू सरळ शंभर. गेलीस तिथे चढलीस.”

तिने पदर नसलेल्या खांद्यावर पदर असल्यासारखा हात फिरवला आणि हसू दाबलं. तो अड्ड्यावर डॉमिनो खेळायला गेला की सगळ्यांना सांगायचा, माझ्या घरी कैद्याला शेंगदाणे मोजून मिळतात. सांगताना त्याची छाती फुगायची. आणि खरं सांगायचं तर तक्ता गुणकारी ठरला. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. नर्सने शाबासकी दिली, एरमिनने ती चर्चमध्ये सगळ्यांना सांगितली.

तो शनिवार मार्चमधला. डार्नलीने सकाळी साडेसहाला इन्सुलिन टोचून घेतलं. चुलीवरची रताळी अजून कडक होती, एरमिन म्हणाली, थांब. थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “तोवर व्हर्नीसची रताळी खणून येतो, ती तरी आधी शिजतील,” असं म्हणून तो फावडं घेऊन गेला आणि उपाशीपोटी तासभर खणत राहिला.

परतला तेव्हा सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते. खुर्ची समोर असून तो तिला शोधत होता. एरमिनने बोट टोचून यंत्र लावलं. दोन पूर्णांक सात. त्या यंत्राच्या मापात चारच्या खाली जायचं नसतं, एवढं तिला माहीत होतं. साखर उतरलीये, खायला द्यायला हवं, हेही कळलं. ती धावली ती सवयीने फ्रिजच्या दाराकडे.

हिरवा रकाना. दूध, एकतीस. शेंगदाणे, चौदा. सगळ्यात सुरक्षित.

“डार्नली, खा.”

तो दाणे खायला लागला. चावता चावता थांबत होता. वरून अर्धा पेला दूध. पंधरा मिनिटांनी आकडा दोन पूर्णांक चार. शेंगदाण्यातली साखर म्हणजे जेमतेम चिमूट, आणि दाण्यांच्या तेलाने जड झालेलं पोट तीही सावकाश सोडणार. इन्सुलिन मात्र पळत होतं. एरमिनने उकडलेलं रताळं कुस्करलं आणि भरवायला बसली.

तेवढ्यात दारात व्हर्नीस आली. हातात आल्याच्या सरबताची बाटली. “हा माझ्याकडे बोलताना अडखळत होता. घोटभर पाज याला.”

“काय घातलंयस त्यात?”

“साखर. सरबतात काय घालतात?”

“लाल रकाना. चौथी ओळ.”

“एरमिन, माणूस पांढरा पडलाय.”

“एल्रिकचा पाय विसरलीस? एकदम उडी मारली तर याचाही कापतील. ने ती बाटली.”

व्हर्नीस दोन पावलं आत आली होती, ती मागे गेली. बत्तीस वर्षांचा तो आवाज होता. तिनेही लहानपणी त्या पळीसमोर भेंडी खाल्ली होती.

दहा मिनिटांनी डार्नलीच्या तोंडातलं रताळं बाहेर आलं आणि त्याचं अंग आखडून झटके देऊ लागलं. मग व्हर्नीसनेच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला चाळीस मिनिटं लागली. माणसं आली आणि त्याच्या शिरेत सरळ ग्लुकोज सोडलं. शुद्ध ग्लुकोज. शंभर.

डोळे त्याने चौथ्या दिवशी उघडले. डॉक्टर म्हणाले, मेंदू फार वेळ उपाशी राहिला. काही परत येईल, काही नाही.

एरमिन सरकारी दवाखान्यात गेली. तिला भांडायचं होतं. आहार सल्लागार मुलीने नवा तक्ता काढला आणि उलटा ठेवला. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साखर चारच्या खाली गेली तर झटपट चढणारंच द्या. पाण्यात तीन चमचे साखर किंवा अर्धा पेला गोड सरबत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. दूध, दाणे यांची वाट पाहू नका. ते नंतर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका.

“घरी फ्रिजवर आहे ना तुमचा?” मुलीने हळूच विचारलं.

“आहे.”

“मग हे...”

“दारालाच चिकटलंय,” एरमिन म्हणाली.

लोक तिला समजवायला आले. चर्चच्या बायका म्हणाल्या, तुझ्या हातून चूक झाली नाही, तू तर तक्ता तंतोतंत पाळलास. एरमिन मान डोलवायची. “तक्ता बरोबर होता,” ती म्हणायची. “मीही बरोबर होते. घरात एक डार्नलीच तेवढा चुकीचा होता.” हसायचं की नाही ते कुणाला कळायचं नाही, बायका चहा संपवून उठायच्या.

डार्नली आता घरी आहे. चालतो, जेवतो, सांगितलं की झोपतो. साखर इतकी छान राहते की नर्स खूश असते. ताटात काय वाढलंय ते तो विचारत नाही.

परवा एरमिनने कूकू ढवळलं, मक्याचं पीठ आणि भेंडी घालून. बत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने मुद्दाम केलं. मिठाचा कण घातला नाही, गुठळ्या राहू दिल्या, तळाशी लागू दिलं. जळका वास घरभर पसरला. ताट त्याच्यासमोर ठेवून ती समोरच बसली. हे पाहून पूर्वीच्या डार्नलीने अड्ड्यावरची अख्खी फौज बोलावली असती.

तो शांतपणे खात राहिला. गुठळ्याही गिळल्या. ताट पुसून घेतलं.

“कसं झालंय?” तिने विचारलं. “खरं सांग. शिव्या दे हवं तर.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, शाळेतली गरीब पोरं पळीकडे बघायची तसं.

“छान झालंय, मॅडम,” तो म्हणाला. “तुमचे आभार.”