साडूची उंची

मी आणि माझा साडू एकाच उंचीचे. दोघंही बुटके. बायकोच्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. सासरी उभं राहताना आता जोडीला कोणीतरी होतं.

टोकावड्याला मेव्हण्याच्या साखरपुड्यात मात्र तो माझ्यापेक्षा चांगला उंच दिसला. फोटोसाठी शेजारी उभे राहिलो तर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धाकटे जावई वाढले का काय रे?" सगळे हसले, मीही हसलो. मग आडून त्याच्या बुटांच्या टाचा बघितल्या. साध्याच होत्या. शहापूरला परत येईपर्यंत मी बायकोशी धड बोललो नाही.

मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, मुरबाडला शिलाईचं दुकान चालवते. मेव्हण्याच्या लग्नाच्या आधी माझा कोट घेऊन मी तिच्याकडे गेलो, म्हटलं, बघू तरी. कोट निळा, पँट क्रीम, बूट तपकिरी.

"दाजी, घालून दाखवा," ती म्हणाली. मी आरशासमोर उभा राहिलो.

"पँट बघा, बुटावर गोळा होऊन बसलीय. तिथंच पाय आखूड दिसतात. नुसती बुटाला टेकली पाहिजे. कोट पार मांडीवर आलाय, बैठक झाकली की पुरे. आणि वर निळा, खाली क्रीम, म्हणजे कमरेत तुमचे दोन तुकडे झाले. सगळं एका रंगात घ्या, नजर वरपासून खालपर्यंत सरळ जाते."

"त्याचंही तूच केलंस?"

"मग कोण करणार?" ती हसली. "त्यांना काय कळतंय! मीच धरून बसवलं. तीनदा उसवलं."

कोट तिने इंचभरच वर घेतला. त्याहून जास्त नाय जमणार, खिसे खालच्या काठाला येतील, म्हणाली. त्याच निळ्याची पँट शिवली, पायाशी जरा निमुळती. बूट काळे घ्यायला लावले.

लग्नात आम्ही दोघं पुन्हा शेजारी उभे राहिलो. फोटोत खांद्याला खांदा. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज मोठे जावईपण उंच दिसतायत गो!" बायकोही खूश झाली. मलाही चांगलं वाटायला हवं होतं.

पण फोटोवाल्याने "थांबा" म्हटलं, तेवढ्यात मेव्हणी रांगेतून पुढे आली. साडूच्या कोटाचा काठ मागून ओढून नीट केला, खांद्यावरचा दोरा उचलला, दोन पावलं मागे होऊन त्याला डोळे भरून बघितलं आणि जागेवर गेली. माझा कोटही तिनेच शिवलेला, पण माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. का बघावं तिने? माझी बायको पलीकडे कोणाशी तरी बोलत होती.

साडू माझ्या कानाशी म्हणाला, "साडूभाऊ, झकास दिसतोय आपण!"

"हो," मी म्हटलं, आणि माझा कोट मीच ओढून सरळ केला.