गच्चीवरचा हार आणि खिशातला फोन

मला एका जागी बसवत नाही. त्यात नवऱ्याची नोकरी मद्रासेबाहेर, ओरगडमच्या कारखान्यात. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि मी घरात भिंती मोजत बसायची. म्हणून नुंगंबाक्कममधल्या त्या छोट्या सोलर कंपनीत जाहिरातीचं काम मिळालं तेव्हा पगार न विचारताच मी हो म्हटलं. पुण्यात मी साबण आणि चहा विकला होता. साबण आवडला नाही तर माणूस पुढच्या महिन्यात दुसरा घेतो. इथे मात्र माणूस आयुष्याच्या बचतीला हात घालून गच्चीवर काचा बसवणार, आणि त्या चालतात की नाही हे त्याला पुढच्या कित्येक उन्हाळ्यांत कळणार. असा माल कसा विकायचा, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्या वर्षी मद्रासेत वीज फार जायची. लोक चौकशीला रांग लावायचे आणि किंमत ऐकून पायाला पाय लावून पळायचे. कंपनीचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, त्यामुळे बेचैन असत. साठीला टेकलेला, साधा, घामाघूम माणूस. त्यांनी माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं : ‘पंचवीस वर्षं निश्चिंत’. खाली ‘ग्राहक सेवा विभाग, चोवीस तास’ आणि एक मोबाइल नंबर.

“सर, पंचवीस वर्षं वॉरंटी फक्त पॅनलची. इन्व्हर्टरची दोनच, बॅटरीची त्याहून थोडी जास्त. लोक सगळ्याचीच पंचवीस समजतील,” मी म्हणायची.

“लहान अक्षरांत लिहिलंय की,” सर म्हणायचे.

लहान अक्षरं माणूस कधी वाचतो? बिघडल्यावर. आणि मग मोठी अक्षरंही खोटी ठरतात. मी चरफडत पत्रकं वाटायला घ्यायची.

अशात एक मोठं काम समोर आलं. अड्यारमधल्या एका मोठ्या सोसायटीला जिने, पंप आणि लिफ्टसाठी सोलर हवं होतं. ते मिळालं तर कंपनी तरणार होती. नाही मिळालं तर सर ऑफिस बंद करून घरून धंदा करणार होते, आणि माझं काम तिथेच संपणार होतं. सोसायटीचे सेक्रेटरी एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी तपासणारे. त्यांनी माहितीपत्रक उलटंसुलटं करून परत दिलं आणि म्हणाले, “तुम्ही बसवलेलं एखादं घर दाखवा.”

सरांनी त्यांना मैलापूरच्या अक्कांकडे न्यायचं ठरवलं. अक्का म्हणजे आमच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक, तंजावरकडच्या मराठी बाई. जुन्या वळणाचं मराठी बोलायच्या. मी गेले की “कसाला उभी गे, बस की” म्हणून हातात कॉफी द्यायच्या. परक्या गावात मला त्यांचा फार आधार वाटायचा.

गेलो ते नेमके आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी. गच्चीचं दार उघडलं आणि बघते तर काय! अक्कांनी आदल्या दिवशी पॅनलांची पूजा केली होती. प्रत्येक काचेवर तळहाताएवढं चंदन, मधोमध कुंकू, आणि खालच्या बाजूने झेंडूचा जाडजूड हार. घरातलं यंत्र ते, पूजा नको? शिलाई मशीनची होते, मिक्सरची होते, मग या एवढ्या महागाच्या काचांनी काय घोडं मारलं होतं! पण पॅनलमधले चौकोन एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचीही ताकद अडते. भर उन्हात पॅनलांखालच्या चार्जरच्या पेटीवरचा आकडा नेहमीच्या निम्म्यावरही नव्हता.

सर हार काढायला धावले. सेक्रेटरींनी हात आडवा घातला.

“हात लावू नका. चालणारं सगळेच दाखवतात. मला बिघडलेलं बघायचंय. अम्मा, एरवी बिघडलं तर काय करता?”

“फोन करते,” अक्का म्हणाल्या.

“मग आत्ता करा.”

अक्कांनी पेटीवर चिकटवलेला नंबर बघून फोन लावला. मी ऑफिसातल्या मुलीला मनातल्या मनात हाका मारत होते, बाई, उचल गं. माझी खात्री होती की तो नंबर तिच्या टेबलावरच्या मोबाइलचा आहे. तेवढ्यात सरांच्या शर्टाचा खिसा वाजू लागला.

सवयच ती, त्यांनी फोन कानाला लावला. “वणक्कम, सांगा अम्मा.”

अक्का समोरच उभ्या. कानाला फोन तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आमचा चोवीस तासांचा विभाग घामाने भिजलेला, दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

अक्काच त्यांच्या मदतीला आल्या. उन्हाळ्यात इन्व्हर्टर जळाला तेव्हा हे स्वतः आले होते, तो बनवणाऱ्या कंपनीकडून दुरुस्त होऊन येईपर्यंत स्वतःच्या घरचा आणून लावला होता, असं त्यांनी तमिळमध्ये घडाघडा सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “देवमाणूस हो. सांग की त्यांना!”

सेक्रेटरींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “त्याचीच तर भीती वाटते,” ते म्हणाले. “सर, तुमचं वय काय? तुम्ही आजारी पडलात तर हा फोन कोण उचलेल? चांगला माणूस म्हणजे वॉरंटी नव्हे.”

 खाली उतरण्याआधी सरांनी हार काढला, ओल्या फडक्याने चंदन पुसलं आणि आकडा चढल्याचं बघितलं. सेक्रेटरी तोवर गाडीत जाऊन बसले होते.

परतताना रिक्षात सर म्हणाले, “ती पत्रकं रद्दीत घाल.” मला त्या माणसाची दया आली आणि त्याच वेळी कामाला हात शिवशिवू लागले. आम्ही सगळं नव्याने लिहिलं, एकाच मापाच्या अक्षरांत. पॅनल किती वर्षं, इन्व्हर्टर किती, बॅटरी किती, आणि कुणाची जबाबदारी कुठे संपते. पॅनल बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी थेट ग्राहकाच्या नावावर, म्हणजे आम्ही बुडालो तरी कागद जिवंत. ऑफिसात खरा फोन, ग्राहकांच्या पेट्यांवर त्याचा नवा नंबर, फोनवर पाळीने माणसं, आणि सरांनी उसनवारी करून ठेवलेले दोन नवे तंत्रज्ञ. जुन्या ग्राहकांची परवानगी घेऊन त्यांच्या गच्च्या उघड्या ठेवल्या : कधीही जा, आम्हाला न सांगता जा. ‘निश्चिंत’ हा शब्द मी स्वतः खोडला.

सेक्रेटरींनी कागद ठेवून घेतला आणि महिनोन्‌महिने काही कळवलं नाही. मी नखं खाऊन संपवली.

मग सरांना चिकुनगुन्या झाला. सांधे धरले, ते अंथरुणाला खिळले. नेमके त्याच आठवड्यात सेक्रेटरी न सांगता अक्कांच्या गच्चीवर गेले आणि त्यांना ऑफिसला तक्रारीचा फोन करायला लावला. ऑफिसातल्या मुलीने फोन उचलला, दुपारच्या आत तंत्रज्ञ पोचला. त्याला कुणी सरांबद्दल विचारलं नाही आणि त्यानेही त्यांचं नाव काढलं नाही. दोन दिवसांनी ऑर्डर आली.

मी ती घेऊन धावतच सरांच्या घरी गेले. त्यांनी वाचली, घडी घातली, उशाशी ठेवली. शेजारी त्यांचा मोबाइल होता.

“आठवडा झाला, वाजलेला नाही,” ते म्हणाले. “दोनदा मीच ऑफिसातून लावून बघायला सांगितलं, बंद पडलाय की काय म्हणून.”

आम्हाला हेच तर हवं होतं. तरी आनंदाची बातमी घेऊन आलेली मी त्यांच्या खाटेशी चोरासारखी उभी राहिले.

पुढच्या आयुधपूजेला सर ऑफिसात माझ्यासमोर बसले होते आणि त्यांचा तो मोबाइल वाजला. त्यांनी तो असा झडप घालून उचलला की टेबलावरचा कॉफीचा पेला लवंडला. अक्का होत्या. तक्रार नव्हती. हार कुठे घालू, एवढंच विचारत होत्या.

“खालच्या पेटीला घाला, अम्मा,” सर म्हणाले. “थांबा, मीच येतो.” आणि सांडलेली कॉफी तशीच टाकून निघाले.