राखाडी चौकट

साटुर्निना कढईत लसूण परतून रात्रीचा भात टाकत होती, तेवढ्यात बांबूच्या दारावर धडाधड थापा पडल्या. शेजारची पसीता धापा टाकत आत आली.

"अगं, तुझी मरीचू कुवेतच्या मालकिणीच्या घरातून पळाली म्हणे! माझ्या कुवेतमधल्या जावयाने गावातल्या साध्या फोनवर कळवलंय. तुला काही आलंय का?"

कढई तशीच जळत राहिली. साटुर्निनाने उशाखालचा फोन काढला. पोरीचा संदेश पहाटेच येऊन पडला होता: 'आई, मी एका बाईकडे लपलेय. पत्ता फोटोत आहे. मला पाठवणाऱ्या एजन्सीतल्या मॅडमना लगेच दे. फोनची बॅटरी संपत आलीय.' त्याखाली फोटोच्या जागी राखाडी चौकट, आणि 'फोटो पाहायला डेटा वापरा.'

"अगं, डेटा आहे की तुझ्याकडे! पाच जीबी दिसतोय," पसीता म्हणाली.

दोघी तशाच धावत कोपऱ्यावर बेलेनच्या दुकानात गेल्या. लोड, म्हणजे फोनचा रिचार्ज, तीच विकायची.

"तो पाच जीबी व्हिडिओच्या ॲपचा आहे, ताई," बेलेन म्हणाली. "काल तूच म्हणालीस, जास्त आकड्याचा दे. त्याच्यावर व्हिडिओ बघ, गाणी बघ. संदेशातला फोटो त्यातून उघडायचा नाही. त्याला साधा डेटा लागतो, आणि तो तुझा शून्य आहे."

"मग पहाटेचा निरोप कसा आला?" साटुर्निनाने विचारलं.

"तो फुकटातला. कंपनी अक्षरं फुकट सोडते, फोटो नाही. कॉलही नाही."

"मग साधा डेटा टाक ना गं!" पसीता मध्येच म्हणाली.

बेलेनने आपला बटणांचा फोन पुढे केला. "माझाच लोडचा साठा संपलाय. वितरक खाडीपलीकडून उद्या येईल. आणि वादळात वीज गेल्यापासून नाणं टाकायचं वायफायचं खोकंही मेलंय."

"तुझा चांगला फोन दे मग!" पसीता म्हणाली.

"तो वादळात भिजून कधीच गेला. आणि पसीता, तू गप्प उभी राहा, तुझ्या बडबडीने तिला काही सुचणार नाही."

साटुर्निना पायरीवर बसली. आयुष्यभर मासे वाळवून विकले, पोरीला समुद्रापार धाडलं, आणि आता पोर एका राखाडी चौकटीत अडकून पडली होती. तिने चौकटीवर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. जणू आतून कोणी कडी काढेल. पलीकडे पोरीची बॅटरी मिनिटामिनिटाला उतरत होती.

मग तिचं बोट थांबलं. अक्षरं फुकट.

"बेलेन, मी लिहिलेलं जाईल?"

"जाईल. तिचंही लिहिलेलं येईल."

साटुर्निनाने डोळे पुसले, खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा तोंडाशी धरला, आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं:

'मरीचू, फोटो दिसत नाही. पत्ता अक्षरांत लिही.'