पाचवं टेबल

कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या ताईंना मी अठरा वर्षं ओळखतो. त्यांचा धाकटा भाऊ मात्र मला पंधरा दिवसांतच पुरता कळला. मी सुतार. दुकानं आतून बांधून देतो, आणि माझं डोकं लवकर फिरतं हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांच्या वडिलांनी जागा मुलाच्या नावावर केली आणि भट्टी मुलीच्या गळ्यात मारली. तेव्हापासून ताई आत. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या रेघा, आणि बोलणं असं की समोरच्याने परत तोंड उघडू नये. एका गिऱ्हाइकाने केक शिळा असल्याची तक्रार केली, तर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "आणि तुमची जीभ कधीची?" तो माणूस अजूनही येतो, पण मुकाट्याने खातो.

भाऊ बेचाळीस वर्षांचा, घरात अजून बाळ्या. तो काउंटरवर. बहीणभाऊ एकमेकांशी फक्त ऑर्डरपुरते बोलायचे.

यंदा सगळं नव्याने बांधायचं ठरलं. जागा इनमीन बारा बाय अठरा, दोन बाजूंना रस्ता, कोपरा कापून केलेलं दार. मी कागदावर नकाशा काढत नाही. जमिनीवर निळ्या खडूने खऱ्या मापाची आखणी करतो आणि म्हणतो, एक दिवस या रेघांच्या आत वावरून बघा. दारासमोर काउंटर, पण रांग दारात अडणार नाही इतकं मागे. खिडकीलगत चार टेबलं. मागच्या भिंतीला कोठार. स्वयंपाकघरात एका बाजूला भट्टी आणि शेगडी, दोन फूट. समोर कामाचा ओटा, त्याखाली फ्रीज, तेही दोन फूट. मधे तीन फुटांची वाट, म्हणजे भट्टीचं दार खाली पाडलं तरी ट्रे ओढायला माणूस उभा राहू शकतो.

ताई त्या रेघांत दिवसभर वावरल्या. "जमतंय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ओटा आणि काउंटर दीड फूट आत, भट्टीकडे सरकलेले. माझी रेघ फडक्याने पुसलेली, नवी रेघ पांढऱ्या खडूची. बाहेर पाचव्या टेबलाचा चौकोन.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," बाळ्या म्हणाला. "जागा माझी आहे. आतली वाट दीड फूट पुरे. मोजलंय मी, भट्टीच्या पुढे माणूस आरामात जातो."

"भट्टीचं दार बंद धरून मोजलंत ना, मालक?"

मी एक खोका आणून भट्टीच्या रेघेपुढे आडवा ठेवला, उघड्या दाराएवढा. खोका थेट ओट्याच्या रेघेला टेकला. "आता यात उभे राहा आणि ट्रे काढा," म्हटलं.

त्याने खोक्याकडे बघितलंही नाही. "ताई बाजूने काढेल. सवय होते."

"बाजूने?" ताईंचा आवाज चढला. "अठरा वर्षं समोरून काढून हे हात झालेत. आता बाजूने काढून तोंड भाजून घेऊ?"

"तुला काय जातंय? आत उभं तर राहायचंय. गिऱ्हाईक मी सांभाळतो, जागा माझी आहे."

मला इतका संताप आला की खडू हातातच मोडला. काम सोडून निघालोच होतो. ताईंनी अडवलं.

"मिस्त्री, त्याच्या रेघेवर बांधा."

"ताई, अहो—"

"बांधा म्हटलं ना."

मी बांधलं. मनाविरुद्ध बांधलं, पण गुण्याच्या काटकोनात आणि पातळीत चूक ठेवली नाही.

दुकान उघडायच्या दिवशी कोठाराच्या दाराची बिजागरी बघायला गेलो होतो. दारापर्यंत रांग होती. ताई आतून आल्या, ॲप्रन काढला आणि काउंटरवर भावासमोर ठेवला. मग त्या पाचव्या टेबलापाशी जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना त्या दुकानात बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"ताई, तमाशा करू नकोस. लोक थांबलेत."

"मीही थांबलेय. एक कॉफी, आणि भट्टीतला ताजा पाव. मघाशी चढवलाय, झाला असेल."

बाळ्याने रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी बिजागरी बघत राहिलो. तो आत गेला. भट्टीचं दार धाडकन ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, मग ट्रे पडल्याचा, मग त्याची किंकाळी.

"ताई!"

ताई उठल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून, कॉफी मागितली त्याच आवाजात म्हणाल्या, "सवय होते."