हालता आनंदराज

लातूरच्या एका तीन खोल्यांच्या ॲनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शिका उज्वलाताई एकदा "काढून टाका" म्हणाल्या, की ब्रह्मदेव आला तरी शॉट वाचत नसे. शनिवारी लुंबिनीच्या शॉटवर त्या एवढंच म्हणाल्या, "हे सपाट दिसतंय. कुणीतरी कागद धरून हलवतंय असं. सोमवारी दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर काढून टाकू."

दोन वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरल्यावर लुंबिनीच्या हाती आलेला हा पहिला शॉट, आणि तोही तिच्या मुखेड गावच्या बाजाराचा! पुढ्यात मिरच्यांची पाटी, तिच्यामागे बांगड्यावाली, पार मागे एसटी. बिथरलेला बैल खूर आपटतो, कॅमेरा दचकतो आणि नजर मिरच्यांवरून बांगड्यावालीच्या चेहऱ्यावर जाते. आता गंमत बघा, कॅमेरा मुळात नाहीच! सगळी हातानं काढलेली चित्रं, एकावर एक ठेवलेले थर. कॅमेरा आहे असं फक्त भासवायचं.

लॅपटॉप घेऊन ती मुखेडला घरी आली. ओसरीवर आनंदराज, म्हणजे तिचे वडील, चहा पीत बसले होते. वीस वर्षं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन सगळ्या जातींच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. पण एका वरातीत फटाका फुटला, घोडं उधळलं आणि त्यांचा कॅमेरा हेलपाटला. नवरदेवाच्या बापानं सीडी परत आणून दारात टाकली. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव पाडलं, 'हालता आनंदराज'. पुढं कामं तुटली. लोक अजून हसतात, आणि लुंबिनीला ते अजून झोंबतं.

शॉट बघून आनंदराज म्हणाले, "काय करून राहिलीस बाई? तुझा कॅमेरा सुरुवातीपासूनच थरथरून राहिला. त्याला काय हिवताप आलाय का?"

"बाबा, धक्का दाखवायचाय."

"मग धक्का बसल्यावर हालंल की! आधी कशाला? त्यो धरणारा माणूस असतोय. आधी खूर आपटतोय, मंग माणूस दचकतोय."

तिनं उठून ट्रंकेतून तीच बदनाम सीडी काढली.

"ती नको लावूस," आनंदराज कसनुसे होऊन म्हणाले.

"लावणार. तुम्ही बसा हितं."

तिनं वरातीचा तो तुकडा एकेक फ्रेम करून बघितला. फटाका फुटतो. दोन फ्रेम कॅमेरा स्तब्ध. तिसरीला जोराचा हिसका, जरासा तिरपा. मग लहान, आणखी लहान, आणि सेकंदाच्या आत तो सावरतो. जवळची वरातीची बत्ती फ्रेमभर उडते, लांबचा मांडव किंचितच सरकतो. आणि फोकस? तो नवरदेवाला ओलांडून मांडवावर जातो, चुकतो आणि मागं येऊन नवरदेवावर थांबतो. अगं बाई! हेच तर हवं होतं.

रविवारभर ती खपली. सुरुवातीची थरथर काढली आणि खूर आपटल्यावर दोन फ्रेम थांबून मगच हिसका दिला. सगळे थर सारखेच हलत होते, म्हणून तर कागद हलल्यासारखं वाटत होतं. आता पाटी सर्वांत जास्त सरकली, बांगड्यावाली कमी, एसटी अगदी थोडी. तेवढ्यात पाटीमागून पांढरं भगदाड डोकावलं. रंगवणाऱ्या महांतेशनं पाटीआडची जमीन रंगवलीच नव्हती! फोनवर म्हणाला, "पाटीमागचं कोण बघतंय?" लुंबिनी म्हणाली, "कॅमेरा बघतोय." त्यानं बिचाऱ्यानं रंगवून पाठवलं, चारी बाजूंनी चित्र वाढवूनही दिलं, म्हणजे हिसक्यात कड दिसायला नको. शेवटी फोकस. पाटी धूसर होत जाताना बांगड्यावाली स्पष्ट झाली. मग क्षणभर तीही धूसर, मागची एसटी जरा स्पष्ट झाली, आणि नजर परत येऊन चेहऱ्यावर ठरली.

सोमवारी दुपारी खोलीत अंधार केला. खूर आपटला आणि उज्वलाताई खुर्चीतच मागं सरकल्या! "परत लाव." तीनदा बघितलं.

"हा राहील," त्या म्हणाल्या. "आणि शेवटी नावांच्या यादीत तुझं नाव मोठं येऊ दे. पण मला सांग, हा कॅमेरा धरलाय कुणी? आत कुणीतरी माणूस आहे."

लुंबिनीला हसू आवरेना. तिनं बाबांचं नाव सांगितलं.

महिन्यानं मुखेडच्या शाळेच्या पटांगणात तो चित्रपट दाखवला. खूर आपटल्यावर पुढच्या रांगेतली पोरं किंचाळली. शेवटी नावं वर सरकू लागली, आणि एका संपूर्ण हातानं काढलेल्या चित्रपटात, जिथं कॅमेरा नव्हताच, तिथं गावानं वाचलं: 'कॅमेरा : आनंदराज'.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, हालता आनंदराज!" या वेळी मात्र सगळं पटांगण टाळ्या वाजवत होतं. आनंदराज उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "हाव, म्याच त्यो."