हनुवटीवरचे डाग

आमच्या पूनम सागर सोसायटीत बातमी फिरली, की फोटोवाल्या विनिताने काशीगावच्या काळूरामच्या आईचा चेहराच बदलून टाकला. ही बातमी पसरवण्यात माझाही थोडा हात होता, नाही म्हणत नाही. पण खरं सांगते, चेहरा तिने बदलला नव्हता. हनुवटीवरचे काही ठिपके पुसले होते, एवढंच.

काळूराम सहा वर्षांचा असताना आई गेली. तिचा हा एकच फोटो, स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा. कागदावर तपकिरी ठिपके उगवलेले, कडेला पिवळा ओघळ. नातवाच्या लग्नात, परवाच्या हळदीला, तो देवापुढे ठेवायचा होता. विनिताने स्कॅन करून डाग एकेक पुसले आणि नमुना मोबाईलवर पाठवला.

तासाभरात म्हातारा दुकानात. मी तिथेच होते, चहाच्या निमित्ताने.

"ही कोन हाय?" तो म्हणाला. "माझी आय न्हाय. तिच्या हनुवटीला गोंदण होतं."

विनिताचा चेहरा पांढरा पडला. डागांच्या ओघात गोंदणही गेलं होतं! तिने मूळ स्कॅन उघडला. हनुवटीवर नऊ ठिपके. त्यांतलं गोंदण कुठलं?

"काका, किती होते? कुठे?"

काळूरामने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, सरकवलं, परत ठेवलं. "तीन... का पाच? मला आठवत न्हाय." मग एकदम घाबरून म्हणाला, "अगं, मला आयचं तोंडच आठवत न्हाय!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

विनिता ठिपके पुन्हा मोजू लागली. एक ठिपका चुकला, तर देवापुढे परकी बाई बसणार, आणि ते कुणाला कळणारही नाही. मग ती पुटपुटली, "स्कॅन रंगीत केलाय, देवाची कृपा." तिने स्कॅनमधले लाल, हिरवा, निळा असे रंगाचे तीन थर वेगळे केले. निळ्या थरात सगळे डाग काळेकुट्ट. काळूरामने डोळे मिटून घेतले.

"काका, बघा. डाग तपकिरी आहेत, लाल थरात ते फिके पडतात. गोंदण मात्र डोळ्यांच्या बुबुळासारखं मूळ फोटोतच काळं उमटलेलं आहे, ते राहणार."

तिने लाल थर उघडला. पिवळा ओघळ जवळजवळ गेला. हनुवटीवरचे सहा ठिपके पुसटले. तीन तसेच राहिले, त्रिकोणात.

काळूराम मॉनिटरजवळ वाकला. "आय," एवढंच म्हणाला.

उरलेले पुसट डाग तिने त्या थरावर, एकेक करून, त्याला विचारत पुसले. तो गेल्यावर माझी जीभ पुन्हा वळवळली. म्हटलं, "विनिता, लोक म्हणतात, तू चेहरे बदलतेस गं."

ती मॉनिटरवरून नजर न काढता म्हणाली, "मावशी, मला चेहरे बदलता येत असते, तर आधी तुमचं तोंड बंद केलं असतं. आता जा, आणि लोकांना सांगा, तीन ठिपके होते."