कपाटातली म्हातारी

लेकाची सुट्टी संपून तो पलटणीत परत गेला, तेव्हापासून चार वर्षांच्या नातीनं एक शब्द काढला नव्हता. रात्री डोळा मिटायलाही ती घाबरायची. म्हणून वडूजहून सांगलीला, खेळातून मुलांवर उपचार करणाऱ्या बाईंकडे मी तिला घेऊन आले. ती माझा पदर सोडेना, तेव्हा मलाही खोलीत बसवलं.

"सांग की गं बाईंना, काय हुतंय ते!"

"आजी, तिला काही विचारायचं नाही," बाई हळूच म्हणाल्या. मी गप्प बसले. हा माझा विक्रमच.

नातीनं छोटी बाहुली पलंगावर निजवली आणि पुरुष बाहुला वाळूच्या पेटीत पार पुरून टाकला.

"ही झोपली, आणि हा दिसेनासा झाला," बाई एवढंच बोलल्या.

मग नातीनं पांढऱ्या केसांची म्हातारी उचलली आणि खेळण्यातल्या कपाटात कोंडली.

ती म्हातारी मीच. पोर झोपलं की बापानं निघायचं, म्हणजे रडारड न्हाई, ही अक्कल माझी. तरुणपणी नवऱ्यालाही मी असंच गुपचूप पलटणीत धाडायची आणि स्वतःला लय शहाणी समजायची. शेजारणींनाही शिकवायची!

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी कपाटापाशी वाकले. "म्हातारे, चुकलीस बघ तू. पोरीला उठवायचं हुतंस."

नातीनं वाळूतून बाहुला उकरून काढला.

"मला उठवायचं हुतं," ती म्हणाली.

कपाट मात्र तिनं उघडलं नाही.